मैत्रिणीचा घटस्फोट होतोय, तिला पत्र लिहिलंय, जरा वाचून सांगा

दुसरं_रेल्वे_गेट
नमस्कार मंडळी. टिळकवाडीतनं लिहितोय. मी बाई आहे, आमच्याकडं बायका पण येतो-जातोच म्हणतात, आधीच सांगून ठेवतो नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादात तेच चालेल.

माझी शाळेतली मैत्रीण, पहिली ते दहावी एका बाकावर. लग्नानंतर बेळगावातच वडगावला होती. दोन वर्षं झाली, मुलीला घेऊन खानापूरला आईकडं येऊन राहिली आहे. मुलगी 7 वर्षांची. आता दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज टाकलाय, पहिली तारीख झाली, दुसरी पुढच्या महिन्यात 18 ला आहे. ती फोन उचलत नाही. व्हॉट्सअपवर निळी टिक येते आणि दोन दिवसांनी "हं" एवढंच येतं. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. मला तिला शहाणपण शिकवायचं नाही, मी आहे एवढंच सांगायचंय. लिहिलंय ते असं:

"प्रिय मैत्रिणीस, कळल्यापासून मला झोप नाही. खरं सांगायचं तर मला तो माणूस पहिल्यापासून पटला नव्हता, तुझ्या हळदीलाच मी आईला म्हणाले होते. जाऊ दे, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. तू धीर सोडू नकोस, मुलीकडं बघून उभी राहा. मी तुझ्याबरोबर आहे खरं तू पण जरा माणसांत मिसळत जा. काही लागलं तर कधीही सांग, अर्ध्या रात्री फोन कर. वेळ सगळं बरं करतो. तुझीच."

वाचून मलाच कसंतरी होतंय, खरं कुठं चुकलंय ते कळत नाही.

कुंदाप्रेमी
पत्राबरोबर कुंदा पाठवा. प्रश्न मिटला.

सुखी_संसार_62
ताई, घटस्फोट हा मार्ग नव्हे. तुम्ही थोडं ॲडजस्ट करा, 7 वर्षांच्या मुलीचा विचार करा. माझ्या लग्नाला 34 वर्षं झाली, भांड्याला भांडं लागतंच.

दुसरं_रेल्वे_गेट
काका माझा नाही हो, मैत्रिणीचा. माझा नवरा शेजारी बसून हे वाचतोय आणि घाबरलाय.

पुणेरी_पाहुणा
एक भाषिक शंका. "मी तुझ्याबरोबर आहे खरं तू पण जरा माणसांत मिसळत जा" हे वाक्य मला कळलंच नाही. "आहे हे खरं" असं म्हणायचंय का? आणि पत्रात "म्हणाले" आणि धाग्यात "लिहितोय", हे काय?

शहापूरचा_नाका
पाहुणे, बेळगावात "खरं" म्हणजे "पण". "येणार होतो खरं पाऊस आला." तुमच्याकडं येऊन पहिल्या वर्षी मी हे बोलायचो आणि लोक म्हणायचे हा प्रत्येक वाक्यात शपथ का घेतो. पत्रात "म्हणाले" आलंय कारण शाळेत बाईंनी तसं लिहायला शिकवलं, बोलताना "म्हणालो". आमचं सगळ्यांचं असंच आहे, लिहायला बसलं की अंगात पाठ्यपुस्तक शिरतं.

मलप्रभाकाठ
पाहुण्यांनी गंमत म्हणून विचारलं असेल, पण पत्राचं दुखणं नेमकं त्याच शब्दात आहे. मी 14 वर्षं फॅमिली कोर्टात समुपदेशक म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे, त्यामुळं जरा लांब लिहिते.

"मी तुझ्याबरोबर आहे खरं" म्हटलं की ऐकणारी पुढचं ऐकायला लागते. "पण" च्या आधीचं पुसलं जातं आणि "माणसांत मिसळत जा" एवढंच राहतं, म्हणजे सध्या तू चुकतेयस. तुमच्या पत्रात असे चार सल्ले आहेत. धीर सोडू नकोस, मुलीकडं बघ, उभी राहा, मिसळत जा. तुम्ही म्हणता शहाणपण शिकवायचं नाही, मग ही काय आहेत? आपल्या तोंडी इतकी बसली आहेत की सल्ला वाटत नाहीत एवढंच.

दुसरं, नवऱ्याबद्दलची ओळ काढाच. त्या माणसाबरोबर तिनं काही वर्षं काढली आहेत, त्यातली थोडी बरी गेली असतील. "मला पहिल्यापासून पटला नव्हता" याचा तिला ऐकू येणारा अर्थ म्हणजे मला दिसत होतं, तुला दिसलं नाही. शिवाय संमतीचा अर्ज असला तरी हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं. तसं झालं की तोच विषय भांडणाचा खटला होतो आणि मग घरातला कागदन् कागद बाहेर येतो. फॅमिली कोर्टाच्या कायद्यात 14 व्या कलमानं न्यायाधीशांना पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत न बसणारा कागदसुद्धा उपयोगाचा वाटला तर बघायची मुभा आहे. मैत्रिणीनं हळदीच्या दिवशी काय म्हटलं होतं हे समोरच्या वकिलानं मोठ्यानं वाचलेलं मी ऐकलंय. तिची मान खाली गेली होती, पत्र लिहिणारी तर तिथं नव्हतीच.

घटप्रभा_एक्सप्रेस
दुसरी तारीख पुढच्याच महिन्यात कशी? पहिल्या तारखेनंतर सहा महिने थांबावंच लागतं, ते कुणालाच चुकत नाही. माझ्या मामेभावाचं झालंय, मला पाठ आहे.

शहापूरचा_नाका
ते सहा महिने सुप्रीम कोर्टानं कधीच काढून टाकले. जुनं सांगताय.

मलप्रभाकाठ
दोघंही अर्धे बरोबर आहात. सहा महिने कायद्यात अजून आहेत, काढलेले नाहीत. 2017 च्या निकालानं एवढंच झालं की ते माफ करायचं का हे न्यायाधीश ठरवू शकतात, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिलेले असले, समेटाचे प्रयत्न करून झालेले असले, पोटगी आणि मुलाचा ताबा यावर खरंच मिटलेलं असलं आणि थांबण्यानं नुसता त्रासच वाढत असला, तर माफ होतात. आपोआप नाही. ही दोन वर्षं वेगळी आहे, म्हणजे तिच्या वकिलानं तो अर्ज दिला असेल.

आणि दुसरं_रेल्वे_गेट, यातलं अक्षर पण पत्रात घालू नका. तिला वकील आहे. मैत्रीण एकच आहे.

निपाणीचा_बाबू
माझा 2019 ला झाला. पुरुषांना कुणी पत्र पाठवत नाही, म्हणून हा धागा वाचताना थोडं पोटात तुटलं.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मला त्या दिवसांत चाळीस जणांनी म्हटलं असेल. मनापासूनच म्हटलं, राग नाही. खरं मला काय लागतंय ते मला कळायला पाहिजे ना? गॅस संपला होता तर आठ दिवस मी बिस्किटं आणि टपरीवरचा चहा यावर काढले, सिलिंडर बुक करायचा असतो हे डोक्यातच येत नव्हतं. अशा माणसाला "सांग" म्हणणं म्हणजे त्यालाच काम लावणं.

एक मित्र होता, तो रोज फॉरवर्ड पाठवायचा, उगवत्या सूर्याचे. दुसरा एक, तंबाखूच्या वखारीत कामाला, फार बोलका नव्हेच, तो दर गुरुवारी बाजार सुटल्यावर गाडी घेऊन दारात यायचा आणि हॉर्न द्यायचा. एकदाच. मी गेलो तर आम्ही हायवेला चहा प्यायचो, नाही गेलो तर तो पाच मिनिटं थांबून निघून जायचा आणि पुढच्या गुरुवारी परत यायचा, मागच्या वेळी का नाही आलास हे त्यानं एकदा पण विचारलं नाही. सात-आठ महिने. पहिले दोन महिने मी बाहेरच गेलो नव्हतो. खिडकीतनं बघायचो की आला काय म्हणून.

अनगोळची_मावशी
बाबू, वाचून रडू आलं रे.

खरं मी इथं जरा वेगळं बोलणार आहे. हे सल्ला नको सल्ला नको जे चाललंय ते मला सगळं पटत नाही. माझ्या भाचीच्या वेळी सगळ्यांनी असंच केलं, तिला त्रास नको, विचारायला नको. ती रडत रडत सह्या करून आली. नंतर कळलं की तिच्या आईनं घातलेल्या पाटल्या आणि चपलाहार सासरच्या कपाटातच राहिलेत आणि तडजोडीच्या कागदावर लिहिलंय की आता एकमेकांकडं काही मागणं नाही. कागद इंग्लिशमध्ये, हिचं शिक्षण मराठी शाळेत. एकानं जरी टोकलं असतं तर? शेजारी नुसतं बसून पाटल्या परत येत नाहीत.

पुणेरी_पाहुणा
मावशींचा मुद्दा वजनदार आहे. मग पत्रात लिहावं का हे?

मलप्रभाकाठ
मावशी, तुमचं दुःख खरं आहे (पुण्याच्या अर्थानं). स्त्रीधन राहून जाणं मी कितीतरी वेळा बघितलंय. खरं ते पत्राचं काम नाही. पत्र उशीखाली राहतं, परत परत वाचलं जातं. "दागिन्यांचं बघ" ही ओळ पंधरा वेळा वाचली की ती मैत्रीण राहत नाही, यादी होते. शेजारी बसल्यावर ती स्वतःच कागद पुढं करते, तेव्हा विचारायचं, "वकिलानं हे तुला ओळ न् ओळ समजावून सांगितलंय काय?" एवढाच प्रश्न. नाही म्हणाली तर तिच्याबरोबर वकिलाकडं जायचं. पण त्यासाठी आधी दारातनं आत जावं लागतं, आणि पत्र तेवढ्यासाठी आहे.

एक अपवाद सांगून ठेवते. मारहाण चालू असली किंवा ती "जगून काय करू" असं काही बोलली, तर हे सगळं गुंडाळून ठेवायचं आणि त्याच दिवशी हालचाल करायची. 112 आहे, बायकांसाठी 181 आहे, मनाच्या त्रासाला 14416 वर टेली-मानस आहे. तिथं नुसतं शेजारी बसणं चालत नाही.

अनगोळची_मावशी
बरं. अर्धं पटलं. पाटल्यांचं मी विसरणार नाही.

दुसरं_रेल्वे_गेट
तसं काही नाही मारहाण वगैरे, आईकडं आहे ती. मग मी लिहू तरी काय? सगळं खोडलं तर "प्रिय मैत्रिणीस" आणि "तुझीच" एवढंच राहतंय.

शहापूरचा_नाका
पाकीट तेवढं हलकं. 5 रुपयाचं तिकीट पुरेल.

घटप्रभा_एक्सप्रेस
आंतरदेशीय पत्र घ्या, अडीच रुपये, निळं. मी बायकोला लग्नाआधी गोकाकहून तीच पाठवायचो. कडेच्या घडीवर पण लिहायचो, चिकटवायच्या पट्टीखाली तर खास मजकूर असायचा. ती पट्टी फाडताना मजकूर पण फाटायचा आणि ती म्हणायची काय लिहिलं होतं ते भेटल्यावर सांग. आता 22 वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही.

कुंदाप्रेमी
आंतरदेशीयमध्ये कुंदा घालता येत नाही. आत दुसरं काहीच घालायचं नसतं. निषेध.

निपाणीचा_बाबू
ताई, वार लिहा. बाकी काही नसलं तरी चालेल. कुठला वार, कितीची बस, किती वेळ बसणार. आणि नको असलं तर नको म्हणायची सोपी सोय ठेवा, तोंडानं बोलायला लागू नये अशी. माझ्या मित्राचा हॉर्न होता तसं. आणि झेपेल तेवढंच लिहा. अर्ध्या रात्री फोन कर म्हणताय, तुम्ही रात्री फोन बाजूला ठेवून झोपत असाल तर? एकदा केला आणि उचलला नाही की ती परत करणार नाही.

मलप्रभाकाठ
बाबूनं सांगितलं ते मी 14 वर्षांत एवढ्या सरळ सांगू शकले नसते. दोनच गोष्टी जोडते. उत्तराची अपेक्षा नाही असं स्पष्ट लिहा, पत्राचा फायदाच तो, निळी टिक नाही. आणि तुमच्या दोघींचं असं काही असेल, जे तिनं कधी तुमच्यासाठी केलंय, ते घाला. अशा वेळी माणसाला वाटतं आपण सगळ्यांवर ओझं झालोय. तिनं पण कधी दिलंय हे तिला आठवायला हवं. "तू खूप चांगली आहेस" असं नको, घडलेलं लिहा.

हो, आणि घरात पत्र आधी तिचे आईवडील फोडतील हे धरून लिहा.

सुखी_संसार_62
पूर्वी आमच्याकडे अशा वेळी चार वडीलधारी माणसं बसून मिटवायची.

अनगोळची_मावशी
त्या चारात बाई किती असायच्या हो काका?

दुसरं_रेल्वे_गेट
काल रात्री जेवण झाल्यावर परत लिहिलं. ह्या वेळी बोलतो तसंच लिहिलंय, पाहुण्यांनी समजून घ्यावं.

"काय गे,
हे पत्र आहे, उत्तर द्यायचं नाही. 'हं' पण नको.

मी बुधवारी येतो. माझी सुट्टी असते. 11 ची बस धरतो, बारापर्यंत पोचतो, तीनच्या बसनं माघारी. बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं, त्यामुळं पैसे कशाला खर्च करतीस असं पण म्हणायचं नाही. बोलायचं असलं तर बोल, नसलं तर तू झोप, मी काकूंबरोबर अंगणात बसून शेंगा फोडतो. कुणीच नको वाटत असलं तर गेटला ती हिरवी पिशवी अडकवून ठेव. मी बघतो, डबा कट्ट्यावर ठेवतो आणि जातो. राग नाही. पुढच्या बुधवारी परत येतो.

18 ला मी कोर्टात असतो. आत सोडत नसले तर बाहेर बाकावर. तू बाहेर आलीस की मी तिथं असणार. कन्नड कागद असले तर वाचून सांगतो, काय करायचं ते तुझं तू.

सातवीत बाबा गेले तेव्हा तू तेरा दिवस आमच्याकडं येऊन बसलीस. काय बोललीस मला एक शब्द आठवत नाही. माझ्या भूगोलाच्या वहीत तू नकाशे काढत होतीस एवढं आठवतंय. कर्नाटकाच्या नकाशात तू खानापूर एवढं मोठं काढलंस की बेंगळूरला जागा उरली नाही. बाईंनी तरी बरोबर दिलं.

डब्यात काय ते आल्यावर बघ."

शहापूरचा_नाका
बेंगळूरला जागा नाही. हे सगळ्या जिल्ह्याचं मनोगत झालं.

निपाणीचा_बाबू
पिशवी. व्वा.

पुणेरी_पाहुणा
एकही "खरं" नाही.

मलप्रभाकाठ
पाठवा. एक बारीकसं, "18 ला मी असतो" याच्यापुढं "नको असलं तर सांग" घालता आलं तर बघा. कोर्टात ओळखीचं माणूस असलेलं काहींना आवडत नाही. आत न्यायाधीश विचारतात की अजून हेच हवंय काय, कुणाचा दबाव नाही ना, दोघं हो म्हणतात, पाच-दहा मिनिटांत बाहेर. त्या दहा मिनिटांसाठी सकाळपासून व्हरांड्यात बसलेलं असतं, तोही दोन बाकं सोडून तिथंच बसलेला असतो. काहींना तेव्हा शेजारी कुणीतरी हवं असतं, काहींना वाटतं आपल्याला असं कुणी बघू नये.

अनगोळची_मावशी
मला वाटतं विचारायचं नाही, सरळ जायचं. विचारलं की बाई नकोच म्हणते.

निपाणीचा_बाबू
मला कुणी नको होतं. मी मित्राला सांगितलं नव्हतं तारीख. म्हणून विचारलेलं बरं.

दुसरं_रेल्वे_गेट
विचारायची ओळ घातली. मावशी माफ करा. आज सकाळी पेटीत टाकलं.

कुंदाप्रेमी
डब्यात काय होतं हे कुणीच विचारत नाही का?

दुसरं_रेल्वे_गेट
तीन आठवड्यांनी परत लिहितोय, विचारलेल्यांसाठी. पहिल्या बुधवारी हिरवी पिशवी होती. डबा ठेवला, गेटला हात लावला आणि माघारी आलो, बसमध्ये थोडं रडलो. दुसऱ्या बुधवारी पिशवी नव्हती. ती आतल्या खोलीत होती, मी आणि काकूंनी दोन शेर शेंगा फोडल्या, तिची पोरगी टरफलांची नदी करत होती. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "18 ला लौकर ये, साडेदहाला नाव पुकारतात." बास एवढंच. कागदाचं मी विचारलं नाही, मावशी, खरं डोक्यात आहे. 18 च्या आधी अजून एक बुधवार आहे.

एकच गोष्ट खटकली. माझा डबा तिनं परत दिला तो रिकामा. धुऊन, पुसून, रिकामा. आमच्यात डबा कधी रिकामा देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, ती तर असल्या बाबतीत फार काटेकोर होती. रागावली असेल काय?

अनगोळची_मावशी
मला नाही बरं वाटत हे. एवढं भान सुटलंय म्हणजे पोरीचं मन थाऱ्यावर नाही. पुढच्या वेळी काकूंना बाजूला घेऊन विचार जेवते काय, झोपते काय.

निपाणीचा_बाबू
मला उलट वाटतंय. साखर घालायची ती परक्याच्या डब्यात.

कुंदाप्रेमी
डब्यात काय होतं?

दुसरं_रेल्वे_गेट
कुंदा.